ऑनलाइन वर्गात नव्वद मुलं आणि बोलतात तीच पाच

पत्र: ठाण्यातल्या एका क्लासमध्ये मी अकरावी कॉमर्सला अकाउंट्स शिकवते. संध्याकाळची बॅच झूमवर असते, सव्वा तासाची, नव्वद मुलं. क्लासचं पैसे भरलेलं खातं आहे. कॅमेरे बंद, माइक बंद. "समजलं का?" विचारलं की तीच पाच मुलं "येस मॅडम" म्हणतात आणि बाकीची गप्प. चाचणीत मात्र साध्या नोंदी चुकतात. पोल घेऊन पाहिला, तर निम्म्यांनीच उत्तर दिलं. हात वर करा म्हटलं की पुन्हा तीच पाच. नावं घेऊन विचारलं तर एक-दोन मुलं मीटिंगमधून बाहेरच पडली. लाजऱ्या मुलांना बोलतं कसं करू? – एक शिक्षिका, ठाणे पश्चिम

उत्तर:

नमस्कार मॅडम,

सगळ्यात आधी "समजलं का?" हा प्रश्न बंद करा. ज्याला समजलं नाही त्याने "नाही" म्हणायचं तर नव्वद जणांसमोर म्हणावं लागतं, आणि ज्याला समजल्यासारखं वाटतंय त्याला आपण कुठे चुकतोय हे माहीतच नसतं. या प्रश्नाला पोल जोडा, हात जोडा नाहीतर अंगठा, हाती काहीच लागत नाही. उत्तर चुकलं की नेमकं काय चुकलं ते दिसेल, असा प्रश्न हवा.

दुसरं म्हणजे, गप्प बसणारी सगळी मुलं लाजरी असतीलच असं नाही. कळव्याला किंवा दिव्याला एका खोलीत मोबाइल धरून बसलेल्या मुलाच्या मागे संध्याकाळी सात वाजता कुकरच्या शिट्ट्या होत असतात, टीव्ही चालू असतो, धाकटा भाऊ रडत असतो. त्याला माइक उघडायची लाज वाटते ती घरातल्या आवाजाची, अकाउंट्सची नव्हे. काही जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेले असतात. त्यांना उत्तर येतं, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत दुसरं कोणीतरी बोलून जातं. या दोघांनाही माइक न उघडता भाग घेता आला पाहिजे. म्हणून पोलचे पर्याय मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहा. पर्यायात दोनच शब्द असतात, वेळ काही जात नाही.

झूममधल्या प्रत्येक साधनात कोणाला काय दिसतं, यावर सगळं अवलंबून आहे. पोल चालू असताना कोणी कोणता पर्याय निवडला ते इतर मुलांना दिसत नाही. पोल करताना Anonymous ची खूण केली असेल तर तुम्हालाही नावं कळत नाहीत, नंतर अहवालातही नाही. ती खूण नसेल तर मीटिंग संपल्यावर नावानिशी अहवाल मिळतो. वर केलेला हात मात्र नावासकट सगळ्यांना दिसतो. हिरवी बरोबरची खूण आणि लाल फुली यांचंही तसंच, सहभागींच्या यादीत नावापुढे दिसतात. चॅट कसं ठेवायचं हे तुमच्या हातात आहे. चॅटच्या मेनूत मुलांना फक्त Host and co-hosts ना लिहिता येईल असं करून ठेवलं की मुलाचा निरोप तुमच्याशिवाय फक्त तुमच्या सहशिक्षकालाच दिसतो.

मुलांना हे माहीत नसतं. बऱ्याच जणांना वाटतं की पोलवर बोट ठेवलं की नाव झळकणार. तेव्हा प्रत्येक पोलच्या आधी एक वाक्य बोला: "यात नाव कोणालाच दिसणार नाही, मलाही नाही." किंवा: "हे फक्त मला दिसेल, वर्गाला नाही." खोटं कधीच सांगू नका. नावासकट पोल घेऊन "निनावी आहे" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी एखाद्याला त्यावरून काही विचारलंत, की पोल तिथेच संपला.

निम्म्यांनीच उत्तर दिलं, त्याचं कारण बहुतेक वेळा तांत्रिक असतं. मोबाइलवर पोल उघडला की पडदा झाकला जातो आणि तुम्ही शेअर केलेली स्लाइड दिसेनाशी होते. प्रश्न स्लाइडवर आणि पोलमध्ये नुसते "अ, ब, क, ड" असं असेल, तर मूल पोल बंद करून स्लाइड बघायला जातं आणि परत येतच नाही. प्रश्न पोलमध्येच पूर्ण लिहा, दोन ओळींत मावेल इतका, आणि सुरू करायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. प्रकार Single choice ठेवा. क्रम लावा, रिकाम्या जागा भरा असले प्रकार जुन्या ॲपवर अडतात, आणि घरातल्या जुन्या फोनवर कोणती आवृत्ती आहे याचा भरवसा नाही. जी मुलं नंबर फिरवून नुसत्या फोन कॉलने येतात त्यांना पोल दिसतच नाही.

वेळेचं गणितही सांभाळा. नव्वद मुलांत पहिली पंचवीस-तीस उत्तरं झटकन येतात. तेवढ्यावर पोल बंद केला तर जलद मुलांचंच मत कळतं, म्हणजे पुन्हा तीच पाच आणि त्यांचे मित्र. साध्या प्रश्नाला पाऊण मिनिट, आकडेमोडीच्या प्रश्नाला दीड मिनिट द्या. पोलच्या खिडकीत किती जणांनी उत्तर दिलं तो आकडा वाढत असतो. तो थांबला की "दहा सेकंद" असं म्हणा आणि बंद करा. सगळ्यांची वाट बघू नका, कारण त्या नव्वदांत फोन चालू ठेवून जेवायला गेलेलेही असतात.

आता एक पोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा चालवायचा ते तुमच्याच विषयात पाहू. नोंदी शिकवताना नेहमी अडणारा व्यवहार घेऊ: मालकाने घरच्या वापरासाठी ५,००० रुपयांचा माल दुकानातून नेला. जीएसटी बाजूला ठेवू. प्रश्न असा: "या नोंदीत कोणतं खातं जमा होईल?" पर्याय चार: रोख, विक्री, खरेदी, भांडवल.

हे चार पर्याय असेच निवडलेले नाहीत. रोख निवडणाऱ्याने व्यवहार नीट वाचलेला नाही, उचल म्हणजे पैसेच असं त्याच्या डोक्यात बसलंय. विक्री निवडणाऱ्याला माल बाहेर गेला एवढं दिसलं, पण तो विकला गेलेला नाही हे सुटलं. भांडवल निवडणाऱ्याला मालकाचा संबंध कळलाय, बाजू मात्र उलटी झाली. चुकीचा प्रत्येक पर्याय एका ठरावीक गैरसमजातून आलेला असला तर पोलचे आकडेच तुम्हाला पुढे काय शिकवायचं ते सांगतात. "यापैकी नाही" हा पर्याय कधी ठेवू नका. घाबरणारी मुलं त्यात लपतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

पहिली फेरी निनावी घ्या. समजा ७८ उत्तरं आली: रोख १४, विक्री २९, खरेदी २७, भांडवल ८. बरोबर उत्तर खरेदी, म्हणजे साधारण ३५ टक्के. इथे Share Results दाबायचा मोह आवरा. निकाल दाखवला की मुलं जास्त मतांच्या मागे जातात, आणि या खेपेला जास्त मतं तर चुकीच्याच पर्यायाला आहेत. उत्तरही सांगू नका. एवढंच म्हणा: "दोन पर्यायांत चुरस आहे."

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून ही पद्धत वर्गात वापरत आले आहेत. प्रश्न, एकट्याने उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा तोच प्रश्न. त्यांचा ठोकताळा असा की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चेला अर्थ आहे. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा, कारण चर्चा करायला कोणालाच पुरेसं येत नाही. त्याहून जास्त असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. आपल्याकडे ३५ आहेत, तेव्हा चर्चा.

पण नव्वद मोबाइलवाल्या मुलांना ब्रेकआउट रूममध्ये जोडीजोडीने पाठवणं, हा सव्वा तासाच्या तासात आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जाण्यायेण्यातच पाच मिनिटं जातात, आणि अनोळखी मुलासमोर एकटं पडलेलं लाजरं मूल तिथेही गप्पच. त्याऐवजी चॅट वापरा. "तुम्ही जो पर्याय निवडला त्याचं कारण एका ओळीत मला लिहा. मराठीत चालेल, इंग्रजी अक्षरांत मराठी चालेल. दीड मिनिट." चॅट फक्त तुमच्यापर्यंत येतंय हे पुन्हा सांगा. यातून दोन कारणं निवडा, एक विक्रीच्या बाजूचं, एक खरेदीच्या. नाव न घेता आणि कुठलं बरोबर ते न सांगता दोन्ही वाचून दाखवा. एक असं असेल: "माल गेला म्हणजे विकला." दुसरं: "मालकाने पैसे दिले नाहीत, नफापण नाही, मग सेल कसा?" आपलं वाक्य मॅडमनी वाचलं, हे त्या मुलाला कळतं. बाकी कोणाला कळत नाही.

मग दुसरी फेरी. इथे एक खाच आहे. तोच पोल Relaunch केला तर पहिल्या फेरीचे आकडे पुसले जाऊ शकतात. म्हणून तोच प्रश्न दोन पोलमध्ये आधीच करून ठेवा, "नोंद ३ क" आणि "नोंद ३ ख" अशी नावं देऊन. या वेळी समजा ८१ उत्तरं आली: खरेदी ५८, विक्री १४, रोख ५, भांडवल ४. खरेदी ७२ टक्क्यांच्या आसपास गेली. आता निकाल दाखवा. पडद्यावर नावं नाहीत, फक्त टक्के. आणि नोंद लिहा: उचल खाते नावे ५,०००, खरेदी खाते जमा ५,०००. माल दुकानात खरेदीच्या किमतीला आला होता. तो विकायला राहिला नाही, म्हणून खरेदीतूनच तेवढा कमी करायचा. विक्रीत दाखवला तर मालकाने स्वतःलाच माल विकला असं होईल.

यावर आठ-नऊ मिनिटं जातात. सव्वा तासात असे दोन फेऱ्यांचे पोल दोनच घ्या. त्याशिवाय सुरुवातीच्या पाच मिनिटांत एक हलका निनावी पोल: "काल दिलेल्या पाच नोंदींपैकी किती जमल्या?" त्याला चूक-बरोबर नाही, बोट हलवायची सवय लागते आणि गृहपाठाचा खरा आकडा कळतो. याहून जास्त पोल घेतले की उत्तरांची संख्या दर वेळी घसरते. ७८ वरून ६०, ६० वरून ४५ असं होऊ लागलं तर पोल वाढवू नका, कमी करा.

पोल आयत्या वेळी लिहीत बसू नका. खात्यात वेबवरून शिरा, Settings मध्ये Meeting Polls/Quizzes चालू आहे का पाहा, मग ठरवलेल्या मीटिंगमध्ये जाऊन तिथेच प्रश्न भरा. एका मीटिंगला जोडलेले पोल दुसऱ्या मीटिंगमध्ये आपोआप दिसत नाहीत. रोजच्या बॅचसाठी एकच पुनरावर्ती मीटिंग ठेवली तर हा घोळ टळतो. आणि पहिल्यांदा घेण्याआधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून विद्यार्थी म्हणून आत येऊन बघा. मुलाला नेमकं काय दिसतं याचा अंदाज लॅपटॉपवर बसून येत नाही.

रिॲक्शनबद्दल थोडक्यात. टाळ्या, अंगठा, हृदय हे थोड्या सेकंदांत नाहीसे होतात, मोजता येत नाहीत. त्यांचा उपयोग मजेपुरता. मोजायचं असेल तर Non-verbal feedback चालू करा. त्यातली हिरवी खूण आणि लाल फुली मुलाने काढेपर्यंत राहतात, आणि सहभागींच्या यादीत त्यांची मोजदाद दिसते. मात्र त्या सगळ्यांना दिसतात, म्हणून ज्यात कमीपणा वाटेल असं त्यावर विचारू नका. "खतावणीचा तक्ता वहीत आखून झाला की हिरवी खूण करा", हे चालेल. "ज्यांना कळलं नाही त्यांनी लाल फुली करा", हे नाही. लाल फुली एकटी पडली की ती लगेच मागे घेतली जाते. दर वेळी काम झालं की Clear All Feedback दाबा, नाहीतर मागच्या खुणा पुढच्या मोजणीत मिसळतात.

आता हात. हाताचा अर्थ आत्ता तुमच्या वर्गात "मला बोलवा" असा आहे, म्हणून तो फक्त पाच जण वर करतात. तो अर्थ बदला: "हात वर म्हणजे उत्तर तयार आहे. हात वर केला म्हणून मी कोणाला माइक उघडायला लावणार नाही." आणि हे पाळा. प्रश्न विचारल्यावर पहिला हात दिसताच नाव घेऊ नका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची निरीक्षणं केली. तिला दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं मोठी येतात आणि जास्त मुलं बोलतात. ऑनलाइन वर्गात आवाज उशिरा पोहोचतो, हाताचं बटण शोधायला दोन टिचक्या लागतात. तेव्हा पंधरा ते वीस सेकंद गप्प राहा. आपल्याला ते फार जड जातं, मुलांना जात नाही. झूम हात वर केल्याच्या क्रमाने यादीत वर आणतं, त्यामुळे पहिली पाच नावं नेहमीचीच दिसणार. सहावा, नववा, चौदावा हात बघा.

त्यातल्या एकाला थेट हाक मारू नका. आधी त्याला एकट्याला चॅटवर लिहा: "तुझं उत्तर लिहून पाठव." आलं आणि बरोबर असलं, तर पुढचा निरोप: "छान आहे. मी वाचू की तू सांगतोस?" हे दोनच पर्याय द्या. बहुतेक मुलं सुरुवातीला "तुम्ही वाचा" म्हणतील. वाचा, आणि नाव घेऊ का तेही विचारा. उत्तर बरोबर आहे हे आधीच कळलेलं असलं की बोलण्यातली निम्मी भीती जाते. Ask to Unmute हे बटण होकार आल्याशिवाय दाबू नका. मुलाच्या पडद्यावर अचानक चौकट येते, आणि तुमची एक-दोन मुलं बाहेर पडली ती अशाच क्षणी पडली असणार.

शिकवता शिकवता चॅट बघणं एकट्याला झेपत नाही, हे खरं. क्लासमध्ये सहशिक्षक असेल तर त्याला को-होस्ट करून चॅटवर बसवा. नसेल तर चॅट फक्त ठरलेल्या दीड मिनिटात वाचा, बाकी वेळ नाही, आणि हे मुलांना सांगून ठेवा. आणखी एक काळजी: Settings मध्ये Show Zoom windows during screen share बंद ठेवा. ते चालू असेल तर मुलाने तुम्हाला खासगीत लिहिलेलं शेअर केलेल्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दिसू शकतं. असं एकदा झालं की चॅटही गेलं.

पोलला गुण देऊ नका आणि पोलवरून हजेरी घेऊ नका. गुण आले की व्हॉट्सॲपवरच्या मुलांच्या गटात उत्तर दहा सेकंदांत पोहोचतं आणि ९५ टक्के बरोबर असा सुंदर, निरुपयोगी निकाल मिळतो. सगळ्यांची उत्तरं अचानक एकाच पर्यायावर आली, तीही पाऊण मिनिट थांबून एकदम, तर हेच झालं असं समजा.

पंधरवड्यातून एकदा नावासकट पोल घ्या, सांगून. त्याआधी सगळ्यांची नावं "रोल नंबर, पहिलं नाव" अशी करून घ्या. नाहीतर अहवालात "रेडमी", "आई" आणि "गॅलक्सी" यांनी काय उत्तर दिलं तेवढंच कळेल. मीटिंग संपल्यावर Reports मधून पोलचा अहवाल उतरवून घ्या. चुकलेल्यांची नावं वर्गात उच्चारू नका. ज्यांनी विक्री निवडली त्या दहा-बारा जणांना त्याच प्रकारची एक नोंद वेगळी पाठवा, इतकंच. तीन नावासकट पोलमध्ये ज्यांचं एकही उत्तर नाही अशी चार-सहा नावं निघतील. त्यांच्या घरी फोन करा, पण तक्रारीच्या सुरात नको. आधी फोन कोणता, ॲप शेवटचं कधी अपडेट केलं, त्या वेळी घरात फोन आणखी कोणाला लागतो, एवढं विचारा.